टेल्मिसार्टन चालू आहे, सोबत लो-सोडियम मीठ, आणि पोटॅशियम ५.९ आलंय

नीरजा_प
सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. वय ६८. बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी. टेल्मिसार्टन ८०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि मेटफॉर्मिन चालू आहे. मीठ कमी करा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बाबांनी स्वतःच लो-सोडियम मीठ सुरू केलं, त्याला आता दोनेक महिने झाले असतील. त्यांचं जेवण वेगळं होतं, त्यामुळे ते मीठ तेवढे एकटेच खातात. बीपी खरंच थोडं खाली आलं, म्हणून ते खूश होते.

परवा नेहमीच्या तपासण्या केल्या तर पोटॅशियम ५.९. सहा महिन्यांपूर्वी ४.७ होतं. क्रिएटिनिन तेव्हा १.४ होतं, आता १.६ आहे. लॅबमधून फोन आला की डॉक्टरांना दाखवा. बाबांना काहीही त्रास नाही, सकाळी फिरून आले. ते म्हणतात रिपोर्ट चुकलाय, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटला बघू. पोटॅशियम बीपीला चांगलं असतं असं मीही वाचलंय. मग हे मिठामुळे झालं असेल का? आणि टेल्मिसार्टन बंद करायची का?

पिंपळपान
नीरजाताई, घाबरू नका. पोटॅशियम बीपी कमी करतं हे अगदी खरं आहे, सोडियमला बाहेर काढतं. आणि लॅबचे पोटॅशियमचे आकडे पुष्कळदा चुकतात, हे मी आमच्याच घरात पाहिलंय. खरंच वाढलं असतं तर पायात गोळे आले असते, छातीत धडधड झाली असती. भरपूर पाणी पाजा, लघवीवाटे निघून जाईल. महिनाभराने परत तपासा.

डॉ_शलाका
पिंपळपान, लॅबचा आकडा चुकू शकतो हे बरोबर आहे. पण म्हणूनच तपासणी महिनाभराने नको, आजच व्हायला हवी.

नीरजा, रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ सारखी उघडझाप करायला लावली, किंवा नळीतल्या लाल पेशी फुटल्या, तर पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का ते बघा. मात्र ६८ वर्षांचा मधुमेही माणूस, टेल्मिसार्टनचा पूर्ण डोस, क्रिएटिनिन वर सरकलेलं आणि वर हे मीठ, एवढं सगळं एकत्र असताना आकडा खरा धरूनच चालायचं. आज पुन्हा नमुना द्या, मूठ न आवळता, आणि ईसीजी काढून घ्या. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा. ते भेटणार नसतील तर जिथे दोन्ही लगेच होईल अशा ठिकाणी न्या.

त्रास नाही यावर विसंबू नका. पोटॅशियम हळूहळू वाढतं तेव्हा माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. पायात गोळे हे लक्षण तर कमी पोटॅशियममध्ये जास्त दिसतं. वाढलेल्या पोटॅशियममध्ये हातपाय जड पडतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, नाडी मंद होते. काही जणांमध्ये पहिली खूण हृदयाच्या ठोक्यांचीच असते, म्हणून ईसीजी.

मीठ आजपासून बंद. टेल्मिसार्टनचं मात्र स्वतःहून ठरवू नका, त्याच फोनमध्ये विचारा. आजची गोळी थांबवायची की डोस कमी करायचा हे दुसऱ्या आकड्यावर ठरेल. आणखी एक विचारते: गेल्या काही आठवड्यांत काही दुखणं, जुलाब, नवीन गोळी?

नीरजा_प
हो! गुडघा दुखत होता म्हणून डायक्लोफेनॅक घेत होते, जवळजवळ आठवडाभर. ते इथे सांगण्यासारखं आहे हे लक्षातच आलं नाही. शेरा काही नाहीये रिपोर्टवर. डॉक्टरांना फोन लागला, संध्याकाळी बोलावलंय, तोवर डायक्लोफेनॅक आणि मीठ दोन्ही बंद.

गोळी_बाटली
मी औषधांच्या काउंटरमागे आयुष्य काढलंय, त्यामुळे माझा पहिला प्रश्न पाकिटाबद्दल. मागच्या बाजूला पोटॅशियम क्लोराइड किती लिहिलंय? आणि पाकीट किती दिवस पुरतं?

‘लो-सोडियम’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कुठल्या मिठात पंधरा-वीस टक्के पोटॅशियम क्लोराइड असतं, तर कुठलं जवळजवळ पूर्णच पोटॅशियम क्लोराइड असतं. गुलाबी मीठ याच्यात येत नाही, ते बहुतांशी साधं सोडियम क्लोराइडच आहे. त्याने पोटॅशियम वाढत नाही आणि सोडियमही कमी होत नाही.

नीरजा_प
पोटॅशियम क्लोराइड ३० टक्के लिहिलंय. अर्धा किलोचं पाकीट दोन महिन्यांत संपत आलंय. बाबा म्हणतात ते नेहमीच्या मिठापेक्षा अळणी लागतं, म्हणून ते वरून थोडं जास्त घेतात.

गोळी_बाटली
मग हिशोब करू. अर्धा किलो दोन महिन्यांत म्हणजे दिवसाला साधारण ८ ग्रॅम. त्यातलं ३० टक्के म्हणजे २.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५२४ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे रोज साडेबाराशे मिलिग्रॅमच्या आसपास.

हा आकडा कोरडा वाटेल, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. पोटॅशियम कमी झालेल्या रुग्णाला डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं सिरप लिहून देतात. नेहमीच्या १० टक्क्यांच्या सिरपमध्ये १५ मिलिलिटरला सुमारे ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांना मिठातून रोज साधारण २४ मिलिलिटर सिरप जात होतं. तेवढं सिरप टेल्मिसार्टन ८० सोबत लिहिलेली चिठ्ठी माझ्यासमोर आली असती, तर मी आधी डॉक्टरांना फोन केला असता. मिठाला चिठ्ठी लागत नाही, त्यामुळे ते कोणाच्याच नजरेखालून जात नाही. औषधांची यादी विचारली तर मीठ कोण सांगणार?

पिंपळपान
पण निरोगी माणूस जेवणातून रोज याहून कितीतरी जास्त पोटॅशियम घेतो. जागतिक आरोग्य संघटनाच रोज किमान ३५१० मिलिग्रॅम घ्या म्हणते. मग साडेबाराशेने काय बिघडणार?

डॉ_शलाका
किती आत जातं याच्याइतकंच महत्त्व बाहेर किती पडू शकतं याला आहे. हौदात येणारं पाणी थोडं वाढलं तरी खालची तोटी मोकळी असेल तर पातळी वाढत नाही. इथे ती तोटी तीन ठिकाणी आवळली गेली आहे.

खाल्लेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि त्यांना ते टाकायला सांगतं अ‍ॅल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्या ज्या साखळीवर काम करतात, तिच्या शेवटी हेच अ‍ॅल्डोस्टेरॉन आहे. बीपी उतरतं, पण पोटॅशियम बाहेर टाकण्याचा हुकूमही क्षीण होतो. हे पहिलं.

दुसरं, मूत्रपिंडं. १.४ क्रिएटिनिन वाचून लोक ‘थोडंसंच जास्त’ म्हणतात. ६८ वर्षांच्या पुरुषाला सूत्र लावलं तर गाळण्याची क्षमता ५५ च्या आसपास येते. साठच्या खाली आलेल्या माणसाला हा धोका जास्त, आणि जितकं खाली तितका वाढत जातो. शिवाय जुन्या मधुमेहात अ‍ॅल्डोस्टेरॉन मुळातच कमी तयार होत असतं, हे अनेकांमध्ये दिसतं.

तिसरं डायक्लोफेनॅक. ते मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतं आणि त्याच साखळीचा वरचा टप्पाही दाबतं. क्रिएटिनिन १.६ झालं त्यात त्याचा हात असावा. मिठाने दोन महिने पातळी वर ढकलली, शेवटचा धक्का बहुधा या गोळीचा. हे यातल्या एकट्या कोणामुळेही झालं नसतं असं माझं मत.

आणि पाण्याचं. शरीर कोरडं पडलेलं असेल तर पाण्याचा उपयोग होतो. पण अ‍ॅल्डोस्टेरॉनचा हुकूमच क्षीण असेल तर पाणी प्यायल्याने पोटॅशियम वाहून जात नाही, आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाला जास्तीचं पाणी घातक ठरू शकतं. हा सल्ला कृपया सरसकट देऊ नका.

अ‍ॅम्लोडिपिनबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगते, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

सुगंधा_काकू
मला बीपीसाठी क्लोरथॅलिडोनची गोळी आहे आणि माझं पोटॅशियम ३.२ आलं होतं. डॉक्टरांनी तेच सिरप दिलंय, रोज १५ मिली. हा धागा वाचून पोटात गोळा आला. कालपासून सिरप घेतलेलं नाही. बरोबर केलं ना?

डॉ_शलाका
नाही काकू, सिरप पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना सांगा की मधे डोस चुकला. तुमचं प्रकरण उलट आहे. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पोटॅशियम बाहेर घालवतात, म्हणून तुम्हाला ते भरून द्यावं लागतंय. ३.२ हेही हृदयासाठी चांगलं नाही.

तुम्ही एकच लक्षात ठेवा. उद्या बीपी आटोक्यात नाही म्हणून त्यांनी सार्टन किंवा प्रिल जोडली, किंवा क्लोरथॅलिडोन काढून पोटॅशियम वाचवणारी स्पायरोनोलॅक्टोन दिली, तर त्याच क्षणी विचारा: सिरप चालू ठेवायचं का? गोळी बदलते आणि जुन्या चिठ्ठीवरचं सिरप तसंच चालू राहतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

सुगंधा_काकू
घेतलं आत्ता. मला कोणती गोळी कशासाठी हेच कोणी सांगितलं नव्हतं.

वाळवंटातला_ओअ‍ॅसिस
माझ्या आईचं लिहितो, कारण इथे अजून स्पायरोनोलॅक्टोनबद्दल कोणी नीट बोललं नाही. आईला हृदय कमजोर असल्यामुळे रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ दोन्ही होत्या. व्यवस्थित चाललं होतं. मग लघवीचा संसर्ग झाला आणि वेगळ्या डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल दिलं. चार-पाच दिवसांत ती म्हणायला लागली की खुर्चीतून उठवत नाही. आम्हाला वाटलं संसर्गाचा अशक्तपणा. नाडी मोजली तर ४० च्या आत-बाहेर.

दवाखान्यात पोटॅशियम ७.१ निघालं. ईसीजीतल्या लाटा टोकदार आणि रुंद झाल्या होत्या. त्यांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि साल्ब्युटामॉलची वाफ. रात्री डायलिसिस केलं. आई वाचली. नंतर कळलं की को-ट्रायमॉक्साझोलमधला ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम अडवून धरतो. तिच्या खाण्यात मीठ-बीठ काही बदललं नव्हतं. म्हणून म्हणतो, फक्त मिठाच्या मागे लागू नका.

डॉ_शलाका
हे लिहिलंत ते फार बरं झालं. त्या उपचारांच्या क्रमाला कारण आहे. कॅल्शियमने पोटॅशियम एक अंशही कमी होत नाही, ते फक्त हृदयाला अर्धा-पाऊण तास सांभाळून धरतं. इन्सुलिन आणि साल्ब्युटामॉल पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतात, पण काही तासांनी ते पुन्हा बाहेर येतं. शरीरातून खरोखर काढायचं तर लघवी, शौचावाटे ते बांधून नेणारी औषधं, किंवा डायलिसिस. म्हणून ‘इंजेक्शन दिलं, आता बरं वाटतंय, घरी जाऊ’ असं करता येत नाही.

स्पायरोनोलॅक्टोनबद्दल १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास आला, हृदय कमजोर असलेल्या रुग्णांचे प्राण या गोळीने वाचतात हे दाखवणारा. ती सर्रास लिहिली जाऊ लागली. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियोमधली नोंद तपासली, तेव्हा प्रिल घेणाऱ्या हृदयरुग्णांमध्ये वाढलेल्या पोटॅशियममुळे दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालेलं आढळलं. गोळी चांगलीच आहे. अभ्यासातल्या रुग्णांचं रक्त वेळेवर तपासलं जात होतं आणि ज्यांची मूत्रपिंडं बरी नव्हती त्यांना मुळात घेतलंच नव्हतं. बाहेर ती काळजी सगळीकडे घेतली गेली नाही.

आकडेमोड
धागा वाचून लोक लो-सोडियम मीठ फेकून देतील अशी भीती वाटते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं. पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यूही कमी झाले, आणि पोटॅशियम वाढल्याच्या गंभीर घटना दोन्ही गटांत जवळपास सारख्या. हे लोक पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, बीपी आटोक्यात नसलेले होते. त्यातल्या कित्येकांना बीपीची औषधं होतीच. मग सार्टन घेणाऱ्या प्रत्येकाला हे मीठ बंद करायला सांगणं म्हणजे फायद्यापासून वंचित ठेवणं नाही का?

डॉ_शलाका
अभ्यास उत्तम आहे, मी रुग्णांना सांगते. पण त्यात ज्यांना गंभीर मूत्रपिंडविकार असल्याचं माहीत होतं, जे पोटॅशियम वाचवणाऱ्या लघवीच्या गोळ्या किंवा पोटॅशियमची औषधं घेत होते, त्यांना घरातल्या माणसांसह वगळलं होतं. आणि सगळ्यांचं रक्त ठरावीक काळाने तपासलेलं नव्हतं, त्यामुळे लक्षणं न देता ५.८ वर गेलेला माणूस त्या मोजणीत दिसणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या सुरुवातीला असं मीठ वापरण्याची शिफारस केली, तीही मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडचण असलेल्यांना वगळूनच.

आकडेमोड
मान्य. मग सरळ विचारतो. वय ५०, मधुमेह नाही, गाळण्याची क्षमता ९०, फक्त टेल्मिसार्टन ४०. याने २५ टक्क्यांचं मीठ खावं की नाही?

डॉ_शलाका
माझ्याकडे आला तर मी हो म्हणेन. आधी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघेन, पोटॅशियम ५ च्या आत असेल तर सुरू, आणि दोन आठवड्यांच्या आसपास पुन्हा तपासेन. डोस वाढला किंवा नवीन औषध आलं की परत. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घ्यायचं नाही ही अट.

गोळी_बाटली
मी नाही म्हणेन, डॉक्टर. तुमच्यासमोर बसलेला माणूस तपासणी करतो. माझ्या काउंटरवरचा करत नाही. तो वर्षभरापूर्वीच्या रिपोर्टवर गोळ्या नेतो, सोबत कुठल्यातरी सप्लिमेंटचा डबा, आणि त्याच खेपेत दुखण्याची गोळी. तोच माणूस दहा वर्षांनी साठीचा होतो, क्षमता ९० ची ६० होते, मीठ तेच राहतं. त्याला साधं मीठ निम्मं करा असं सांगणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

आकडेमोड
निम्मं करा हे सांगून किती लोक करतात? मिठाचा फायदा नेमका इथेच आहे की सवय बदलावी लागत नाही.

गोळी_बाटली
तोही मुद्दा आहे. पण माझं मत बदलणार नाही.

नीरजा_प
कळवते. संध्याकाळी दुसरा नमुना ५.७ आला, म्हणजे पहिला चुकला नव्हता. ईसीजी ठीक होता, म्हणून दाखल केलं नाही. टेल्मिसार्टन काही दिवस थांबवली, बीपी घरी मोजायला सांगितलं. दोन दिवसांनी तपासलं तेव्हा ५.२, आणि आठवडा उलटल्यावर ४.८, क्रिएटिनिन परत १.४. आता टेल्मिसार्टन ४० सुरू केली आहे आणि दोन आठवड्यांत पुन्हा रक्त. डॉक्टर म्हणाले ही गोळी मधुमेहात मूत्रपिंड जपते, म्हणून ती सोडण्यापेक्षा मीठ सोडलेलं बरं.

बाबा ऐकलेत, पण आता त्यांचा प्रश्न: जुलाब झाले तर ओआरएस घ्यायचं की नाही? त्यातही पोटॅशियम असतं ना?

डॉ_शलाका
असतं, एका लिटरला दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. पण जुलाबात पोटॅशियम बाहेरही जात असतं आणि शरीर कोरडं पडणं हा जास्त मोठा धोका आहे, म्हणून ओआरएस जरूर घ्यायचं. जुलाब-उलट्या जोरात असतील, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तात्पुरत्या थांबवायच्या का ते विचारा. हे आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवलंत तर उत्तम, आजारी पडल्यावर घाईत सुचत नाही. रोजचं ताकदीचं पेय म्हणून मात्र ओआरएस घेऊ नये.

पिंपळपान
पाण्याचं माझं म्हणणं मागे घेतो. पण एक शंका आहेच. घरात एकच स्वयंपाक होतो, वहिनींना बीपी आहे आणि क्षमता चांगली आहे, दादांना क्रिएटिनिन २. मीठ कोणतं वापरायचं?

गोळी_बाटली
दादांच्या हिशोबाने. स्वयंपाकाला साधं मीठ, दोघांसाठीही कमी. वहिनींना लो-सोडियम हवंच असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून ताटात वरून घ्यावं, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं.